तीन वॅटचा पहारेकरी

खारघरच्या आमच्या सोसायटीत एक शेजारी शुक्रवारी रात्री 9 वाजता गाडी लावून रेल्वेने गावी गेले. सोमवारी सकाळी 9 ला चावी फिरवली, तर नुसती टक्-टक्. महिन्याभरापूर्वीच त्यांनी डॅशकॅमला, म्हणजे काचेवरच्या रेकॉर्डिंग कॅमेऱ्याला, थेट गाडीच्या बॅटरीवरून वीज देणारं हार्डवायर किट बसवून घेतलं होतं.

या किटला तीन वायरी असतात. एक फ्यूजबॉक्समधल्या कायम चालू असणाऱ्या फ्यूजला, दुसरी चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला. दुसऱ्या वायरीतला करंट गेला की कॅमेरा समजतो, गाडी उभी आहे, आणि पार्किंग मोडमध्ये, म्हणजे उभ्या गाडीच्या पहाऱ्यावर, जातो. इलेक्ट्रिशियनने घाईत दोन्ही वायरी कायम चालू फ्यूजवर जोडल्या, तर कॅमेऱ्याला गाडी सदैव धावतेच आहे असं वाटतं. गाडी बंद केल्यावर स्क्रीनवर पार्किंगचं चिन्ह येत नसेल, तर आधी हेच तपासावं.

शेजाऱ्यांच्या वायरी मात्र बरोबर होत्या. नडला तो हिशोब. पार्किंग मोडमध्ये त्यांचा कॅमेरा साधारण पाव अँपिअर खातो. 60 तासांचे झाले 15 अँपिअर-तास. गाडीचं घड्याळ, अलार्म वगैरेंचे आणखी दोनेक. बॅटरीवर 35 छापलंय खरं, पण चार वर्षांच्या बॅटरीत तेवढं उरतं कुठे? पंचवीसच धरा. त्यातले सतरा गेले, उरलेल्यात स्टार्टर फिरेना.

किटमध्ये यावर उपाय असतो: व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की कॅमेरा बंद. त्यांच्या किटवर तो 11.8 ला लावलेला होता. पण इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, अर्धी 12.2 च्या, आणि 11.8 ला ती जवळजवळ रिकामी असते. म्हणजे कुलूप लावलं, पण चोरी झाल्यावर! जुन्या बॅटरीला 12.2 किंवा 12.4 च लावावं. पहारा लवकर संपेल, पण गाडी सुरू होईल. आणि नेरूळ ते वाशी अशा छोट्या फेरीत गेलेली वीज परत भरत नाही. त्याला काही तास गाडी चालावी लागते.

आणखी एक मुद्दा उन्हाचा, तोही याच पाव अँपिअरला चिकटलेला आहे. 12 व्होल्टला पाव अँपिअर म्हणजे 3 वॅट, आणि ते सगळे शेवटी उष्णता होऊन त्या छोट्या डबीतच साचतात. मे महिन्यात बाहेर 36 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत हवा 55 च्या पुढे जाते. काचेला चिकटलेली डबी त्याहून तापते. बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा 60-65 अंशांची. आत लिथियम बॅटरी असेल तर ती फुगते, कव्हरची फट रुंदावलेली दिसते. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा हे बरंच सोसतो, मात्र त्यात वीज काही सेकंदांचीच: शेवटची फाईल जतन करण्यापुरती.

शेजाऱ्यांनी आता 12.4 लावलंय, आणि गावी जाताना कॅमेऱ्याचा प्लगच काढून ठेवतात.