आयपी-स्थानानुमान आणि संकेतस्थळावरील स्थानिक वेळ

आयपी-स्थानानुमान : एखाद्या यंत्राच्या आयपी पत्त्यावरून ते पृथ्वीवर कोठे असावे याचा अंदाज बांधण्याची पद्धत. संकेतस्थळे भाषा, चलन, जाहिराती व स्थानिक वेळ ठरवण्यासाठी तिचा उपयोग करतात. वाचक व्हीपीएन वापरत असेल तर संकेतस्थळाला त्याचा स्वतःचा पत्ता दिसत नाही, व्हीपीएनच्या ज्या सर्व्हरमधून त्याची वाहतूक बाहेर पडते त्या निर्गम सर्व्हरचा पत्ता दिसतो. त्यामुळे पुण्यातील वाचकाला फ्रँकफर्टची वेळ दाखवली जाते. अशा वेळी संकेतस्थळाचे घड्याळ सहसा बरोबरच असते. जवळजवळ सर्व सर्व्हर वेळ यूटीसी या जागतिक मानात साठवतात आणि दाखवताना तिला एखाद्या कालविभागाचा फरक जोडतात. चूक होते ती कालविभाग निवडण्यात.

पत्त्यात स्थान नसते. दूरध्वनी क्रमांकाच्या आरंभी ०२० असले की पुणे समजावे, तशी कोणतीही खूण आयपी पत्त्यात नाही. वेब ज्यावर चालते त्या एचटीटीपी नियमावलीतही वाचकाने आपला कालविभाग कळवण्यासाठी प्रमाण रकाना नाही. ब्राउझर भाषेची पसंती कळवतो, पण `en-US` अशी पसंती असलेला ब्राउझर सोलापुरातही असू शकतो. म्हणून पान पाठवण्यापूर्वीच वेळ लिहून टाकणाऱ्या सर्व्हरपुढे दोनच मार्ग उरतात : वाचकाने आधी सांगितलेले लक्षात ठेवणे, किंवा पत्त्यावरून अंदाज करणे.

अंदाजाचा सर्वांत जुना आधार म्हणजे नोंदणी. पत्त्यांचे गट आयाना ही संस्था पाच प्रादेशिक नोंदणी-संस्थांना देते. आशिया-प्रशांत भागासाठी एपनिक, युरोप व मध्यपूर्वेसाठी राइप, उत्तर अमेरिकेसाठी अरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. या संस्थांच्या सार्वजनिक नोंदीत प्रत्येक गटापुढे देशाची दोन अक्षरे असतात. ती अक्षरे पत्ते घेणाऱ्या संस्थेविषयी असतात, यंत्राविषयी नव्हे. आयानाकडील आयपीव्ही४ या जुन्या प्रकारच्या पत्त्यांचे मोकळे साठे फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. त्यानंतर पत्त्यांची खरेदी-विक्री आणि भाडेपट्टी वाढली. एका खंडात नोंदलेला गट दुसऱ्या खंडात वापरला जाणे नित्याचे झाले आणि नोंदणीवरून काढलेले अनुमान आणखी सैल पडले.

नोंदणीपलीकडे जाण्याचे पद्धतशीर प्रयत्न साधारणपणे २००० च्या आसपास सुरू झाले असे मानले जाते. पद्मनाभन व सुब्रमण्यन यांचा २००१ मधील शोधनिबंध या क्षेत्रात पायाभूत गणला जातो. त्यांनी तीन मार्ग तपासले. पहिल्यात वाटेवरील राउटरच्या नावांतून गावाची खूण शोधायची. जाळे सांभाळणारे लोक राउटरना नावे देताना पुष्कळदा विमानतळांची संक्षिप्त अक्षरे वापरतात, म्हणून `bom` दिसले की मुंबई आणि `fra` दिसले की फ्रँकफर्ट असा तर्क करता येतो. दुसऱ्यात संदेश जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजायचा. तिसऱ्यात एकाच गटातील काही पत्त्यांचे स्थान ठाऊक असेल तर तेच उरलेल्यांना लागू करायचे. पत्त्यांपुढे स्थाने लिहिलेले आजचे व्यावसायिक तक्ते या सर्वांचे मिश्रण करतात, मात्र प्रत्येक कंपनी आपली रीत पूर्णपणे उघड करत नाही. २०२० मध्ये आरएफसी ८८०५ या दस्तऐवजाने आणखी एक सोय नोंदवली : जाळ्याच्या चालकानेच आपल्या पत्त्यांची स्थाने एका साध्या यादीत प्रसिद्ध करावीत. तिला जिओफीड म्हणतात.

‘पत्त्याचे स्थान’ म्हणजे नेमके कोणाचे स्थान, याविषयी एकमत नाही. पत्ता घेणाऱ्या कंपनीचे, सर्व्हर ठेवलेल्या इमारतीचे, की त्यामागे बसलेल्या माणसाचे? मोजमाप करणारे संशोधक साहजिकच दुसऱ्या अर्थाकडे झुकतात. तक्ते विकणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांना मात्र माणूस हवा असतो, म्हणून त्या शक्य तेथे तिसऱ्याकडे जातात. स्थानिक वेळेच्या प्रश्नापुरता तिसरा अर्थच उपयोगी आहे आणि प्रस्तुत नोंदीत तोच ग्राह्य धरला आहे. व्हीपीएनच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ तीन वेगळ्या देशांकडे बोट दाखवू शकतात.

भारताशी निगडित उदाहरणाने हे स्पष्ट होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी असे कलम होते. ते अमान्य असलेल्या काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हटवले. एक्स्प्रेसव्हीपीएनने जून २०२२ मध्ये तसे जाहीर केले आणि भारतीय पत्ते आपण सिंगापूर व ब्रिटनमधील यंत्रांवरून देऊ असे सांगितले. याला आभासी स्थान म्हणतात. दुबईतील एखादा मराठी माणूस असा भारतीय पत्ता घेतो तेव्हा तक्ता भारत म्हणतो, यंत्र सिंगापुरात असते आणि माणूस दुबईत असतो. संकेतस्थळ त्याला भारतीय प्रमाणवेळ दाखवते. ती त्याच्या भिंतीवरील घड्याळाच्या दीड तास पुढे असते.

आभासी स्थान मोजमापाने उघडे पडते. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. जाणे-येणे धरले तर फेरीच्या प्रत्येक मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १०० किलोमीटर अंतर पडते. सिंगापुरातील यंत्राने पाठवलेल्या संदेशाला त्या ‘भारतीय’ पत्त्यावरून २ मिलिसेकंदांत उत्तर आले, तर ते यंत्र सिंगापूरपासून २०० किलोमीटरच्या आतच असले पाहिजे. मुंबई तेथून सुमारे ३,९०० किलोमीटरवर आहे, तेव्हा मुंबईहून उत्तर यायला किमान ३९ मिलिसेकंद लागतील. उलट दिशेने मात्र हा युक्तिवाद चालत नाही. उशिरा आलेले उत्तर दूरचेच असते असे नाही, वाट वळणाची किंवा गर्दीची असू शकते. आणि या मोजणीतून कळते ते यंत्राचे ठिकाण, त्यापलीकडच्या माणसाचे नव्हे.

तक्त्याला काहीच कळले नाही तरी तो बहुधा एखादे उत्तर देतोच. मॅक्समाइंड या कंपनीच्या तक्त्यात, केवळ ‘अमेरिका’ एवढेच ठाऊक असलेल्या पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा पूर्णांकी बिंदू दिला जाई : ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. तो कॅन्सस राज्यातील पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराशी येत होता. २०१६ मध्ये हे प्रकरण उजेडात आले तेव्हा साठ कोटींहून अधिक पत्ते त्या बिंदूशी जोडलेले होते, आणि त्या घरात राहणाऱ्यांच्या दारात अनेक वर्षे पोलीस व तपास अधिकारी येत होते. नंतर कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलवला. असा बिंदू विचार न करता कालविभागात रूपांतरित केला तर कॅलिफोर्नियातील वाचकाला दोन तास पुढची वेळ दिसते, व्हीपीएन नसतानाही. भारतात याच प्रकारची चूक लपून राहते. मोबाइल कंपनीच्या जाळ्यामुळे नागपूरचा वाचक मुंबईत दिसला तरी देशभर एकच प्रमाणवेळ असल्याने घड्याळ बदलत नाही.

आता पुण्याच्या वाचकाचे उदाहरण पूर्ण पाहू. २० जानेवारी रोजी संध्याकाळी ७.३० वाजता त्याने एक प्रतिक्रिया लिहिली. यूटीसीनुसार तेव्हा दुपारचे २ वाजले आहेत आणि सर्व्हरने तेच साठवले. निर्गम सर्व्हर फ्रँकफर्टमध्ये असल्याने पानावर दुपारचे ३ छापले गेले, म्हणजे साडेचार तासांचा फरक पडला. जुलैत हाच फरक साडेतीन तास असेल, कारण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात. पानाचा जो भाग ब्राउझर स्वतः रचतो तेथे मात्र ७.३० च दिसतात, कारण व्हीपीएन संगणकाच्या घड्याळाला व कालविभागाला हात लावत नाही. ब्राउझरला विचारून हे पडताळता येते :

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
new Date().getTimezoneOffset()
```

पहिल्या ओळीचे उत्तर `Asia/Kolkata` किंवा, काही ब्राउझरांत, जुने `Asia/Calcutta` असे येते. दुसरीचे `-330` येते, म्हणजे यूटीसीपेक्षा ३३० मिनिटे पुढे. उणे चिन्ह पाहून गोंधळू नये, ही आज्ञा स्थानिक वेळेतून यूटीसीकडे जाण्याचा फरक सांगते.

दोन्ही पद्धती एकत्र मिसळल्या की दोष अधिक फसवा होतो. सर्व्हरने फ्रँकफर्टची वेळ `2025-01-20T15:00` अशी, फरक न लिहिता पाठवली तर ब्राउझर ती पुण्याचीच समजतो आणि नुकत्याच लिहिलेल्या प्रतिक्रियेखाली ‘साडेचार तासांपूर्वी’ असे येते. निर्गम टोकियोत असता तर वेळ रात्री ११ अशी आली असती आणि प्रतिक्रिया साडेतीन तास भविष्यातली ठरली असती. `2025-01-20T14:00:00Z` असे पाठवले की हा दोष राहत नाही, कारण शेवटचे अक्षर ही वेळ यूटीसीची असल्याचे सांगते.

फरक किती आहे यावरून कारण ओळखता येते. भारतातून पाहताना साडेतीन किंवा साडेचार तासांचे मागेपण मध्य युरोप दर्शवते, साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे न्यूयॉर्क. बरोबर साडेपाच तास मागे असेल तर हिवाळ्यातले लंडन शक्य आहे, पण सर्व्हरने अंदाज न करता यूटीसीच छापली असण्याची शक्यता अधिक. फरक सात-आठ मिनिटांचा असेल तर आपल्याच यंत्राचे घड्याळ तपासावे. व्हीपीएन बंद करून पान पुन्हा उघडताना खासगी खिडकी वापरावी, कारण आधीचा अंदाज कुकीत साठून राहिलेला असू शकतो.

ब्राउझरचे उत्तरही नेहमी खरे नसते. टॉर ब्राउझर, आणि `privacy.resistFingerprinting` चालू केलेला फायरफॉक्स, ओळख लपवण्यासाठी स्थानिक कालविभागाऐवजी यूटीसीइतकी वेळ सांगतात. ॲपलच्या प्रायव्हेट रिले या सेवेने उलट तोडगा काढला आहे : वापरणाऱ्याचा मूळ पत्ता झाकला जातो, पण सामान्य परिसर कायम ठेवायचा की केवळ देश व कालविभाग, एवढी निवड त्याच्याकडे असते. त्यामुळे तेथे पत्त्यावरून काढलेली वेळ बहुधा बरोबर येते. संकेतस्थळ रचणाऱ्याने वाचकाने स्वतः निवडलेला कालविभाग आधी मानावा, तो नसेल तर ब्राउझरचा, आणि पत्त्यावरील अनुमान अगदी शेवटी. ते वापरावेच लागले तर छापलेल्या वेळेशेजारी कालविभागाचे नाव लिहावे, म्हणजे ‘दुपारी ३, बर्लिन’ असे वाचून पुण्यातील माणसाला फरक कोठून आला ते लगेच कळते.