पासबुकाच्या फोटोवरून नोंदींचा तक्ता

बँकेच्या पासबुकातील छापील पानाचा फोटो घेऊन त्यावरचा प्रत्येक व्यवहार दिनांक, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक अशा पाच रकान्यांत उतरवण्याची पद्धत. अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर, यातले निम्मेच काम करते. कोणता आकडा कोणत्या रकान्यातला आणि तो बरोबर वाचला गेला की नाही, हे ठरवणे हा उरलेला आणि अधिक अवघड भाग. त्यासाठी लागणारा पुरावा पानावरच छापलेला असतो, तो म्हणजे दर ओळीच्या शेवटी येणारी शिल्लक.

पासबुक बहुधा डॉट मॅट्रिक्स छपाईचे असते. अक्षर सुट्या ठिपक्यांनी बनलेले, रिबन जुनी झाली की ठिपके फिके, आणि पाठीमागे बँकेच्या चिन्हाची रंगीत छटा. फोटो पानाच्या नेमका वरून, पान सपाट दाबून आणि फ्लॅश न लावता घ्यावा, कारण चकाकीखाली गेलेले अंक नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. मग पानाचे चार कोपरे धरून तिरपेपणा काढतात. पार्श्वभूमी गुलाबी असेल तर प्रतिमेची फक्त लाल वाहिनी घेतली की छटा जवळजवळ नाहीशी होते आणि काळी छपाई उरते. घडीजवळ सावली पडत असल्याने काळे-पांढरे वेगळे करताना सबंध पानाला एकच उंबरठा लावू नये, तो भागाभागानुसार ठरवावा. त्याआधी प्रतिमा किंचित धूसर केली तर सुटे ठिपके एकमेकांना जोडले जातात. उलटे वाटते खरे, पण अशा छपाईला अतिस्पष्ट फोटोपेक्षा थोडा मऊ फोटो मानवतो.

वाचनासाठी टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर वापरत असल्यास नुसता मजकूर न घेता प्रत्येक शब्दाची जागा सांगणारे फलित घ्यावे:

```
tesseract pan.png out --psm 6 tsv
```

यात शब्दाचा डावा आणि वरचा कोपरा, रुंदी, उंची आणि वाचनाची खात्री मिळते. साधारण सारख्या उंचीवरचे शब्द मिळून एक ओळ होते. रकाने ओळखताना मात्र पानावरच्या आखलेल्या रेघांवर भिस्त ठेवू नये. पासबुक यंत्रात घालताना जरा सरकते आणि छपाई रेघांवर चढते. आकडे उजव्या बाजूने जुळवून छापलेले असल्यामुळे त्यांच्या उजव्या कडा तीन उभ्या पट्ट्यांत गोळा होतात. त्या पट्ट्या हेच खरे रकाने. दिनांकही नाही आणि शिल्लकही नाही अशी ओळ बहुधा आधीच्या व्यवहाराच्या तपशिलाचा उरलेला भाग असते, ती वर जोडून घ्यावी.

आता ताळा. मागील शिल्लक वजा नावे अधिक जमा बरोबर या ओळीची शिल्लक, हे समीकरण प्रत्येक ओळीला लागू पडलेच पाहिजे. एका काल्पनिक पानाचे कच्चे वाचन असे आले आहे:

```
दिनांक,तपशील,नावे,जमा,शिल्लक
2024-04-01,मागील शिल्लक,,,18450.00
2024-04-05,चेक जमा,,6200.00,24650.00
2024-04-09,एटीएम,8500.00,,21150.00
2024-04-12,वीजबिल,,1370.00,19780.00
2024-04-18,वर्ग जमा,,12000.00,37780.00
2024-04-21,चेक,8250.00,,23530.00
```

पहिला व्यवहार जुळतो. वीजबिलाच्या ओळीत २१,१५० मध्ये १,३७० मिळवले तर २२,५२० यायला हवेत, छापलेत १९,७८०. फरक २,७४०, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. दुप्पट फरक ही रकाना चुकल्याची खूण आहे. शिल्लक घटली आहे, त्यामुळे रक्कम नावेच्या बाजूची.

९ तारखेला २४,६५० मधून ८,५०० गेले तर १६,१५० उरतील, पानावर २१,१५० आहेत. फरक ५,०००. पुढची ओळ, रकाना दुरुस्त केल्यावर, २१,१५० धरूनच जुळते. तेव्हा शिल्लक खरी आणि रक्कम चुकीची. फरक एकाच स्थानावरच्या पाचाचा आहे, आणि फिक्या ठिपक्यांत ३ चा ८ होणे ही नेहमीची गफलत आहे. मूळ रक्कम ३,५०० ठरते.

१८ तारखेची ओळ वेगळी बिघडली आहे. १९,७८० अधिक १२,००० म्हणजे ३१,७८०, वाचन मात्र ३७,७८०; ६,००० जास्त. त्याच्या पुढच्या ओळीत ३७,७८० मधून ८,२५० वजा केल्यास २९,५३० येतात, छापलेली शिल्लक २३,५३०; इथे ६,००० कमी. लागोपाठच्या दोन ओळींत तेवढाच फरक उलट चिन्हाने आला, की त्यांपैकी पहिल्या ओळीची शिल्लक चुकीची वाचली गेली असे समजावे. इथे १ चा ७ झाला आहे. रक्कम चुकली तर एकच ओळ बिघडते, शिल्लक चुकली तर दोन. एवढा भेद हाती असला की बहुतेक पाने सुटतात.

फरक कोणत्याही अंकगफलतीत बसत नसेल तर एखादी ओळच गळालेली असू शकते. छपाईतील ओळींमधले अंतर सारखे असते. त्या जागी दुप्पट अंतर दिसले की संशय पक्का होतो. फक्त पासबुकाची मधली घडी आधी वगळावी, कारण तिथे अंतर मुद्दामच जास्त सोडलेले असते. शिल्लकेपुढे Dr असेल तर ती उणे धरायची. हे दोन अक्षरी चिन्ह वाचनातून निसटले की ती ओळ आणि तिच्या पुढची ओळ बिघडते. बेरीज-वजाबाकी दशांश अपूर्णांकांत न करता पैशांच्या पूर्णांकात करावी, नाहीतर संगणक शेवटच्या स्थानावर नसलेला फरक दाखवतो.

या ताळ्याला मर्यादा आहेत. पानाच्या शेवटच्या ओळीला पुढची ओळ नसते, म्हणून तिथे फरक आला तर दोष रकमेचा की शिल्लकेचा हे पुढच्या पानावरची मागील शिल्लक पाहिल्याशिवाय ठरत नाही. दिनांक आणि तपशील यांना तर गणिताचा आधारच नाही. दिनांक मागे जात नाहीत एवढे तपासता येते, पण ०१ चा ०७ झाला आणि क्रम टिकला तर चूक लपून राहते. चेकचा क्रमांक डोळ्यांनीच ताडून पाहावा लागतो.

सर्वात फसवी चूक माणसाच्या हातून होते. न वाचता आलेली रक्कम दोन शिल्लकांच्या वजाबाकीतून भरून टाकण्याचा मोह होतो, आणि ती भरली की त्या ओळीचा ताळा आपोआप जुळतो. अशी ओळ तपासलेली नसते, नुसती जुळवलेली असते. ओळ गळाली असेल तर दोन व्यवहारांचा मिळून एकच आकडा तिथे बसतो आणि काहीच खटकत नाही. म्हणून तक्त्याला सहावा रकाना जोडून त्यात आकडा वाचलेला, दुरुस्त केलेला की वजाबाकीने काढलेला हे नोंदवावे, आणि दुरुस्तीच्या वेळी मूळ वाचनही शेजारी ठेवावे. काढलेली प्रत्येक रक्कम फोटोत त्या जागी दिसणाऱ्या ठिपक्यांशी निदान अंकांच्या संख्येने तरी जुळते का, हे पाहिल्याशिवाय ती पक्की धरू नये.