काळी स्क्रीन आणि एचडीएमआयची १९वी पिन

लॅपटॉपचं बटण दाबलं, पंखा फिरला, कीबोर्डचे दिवे लागले, पण स्क्रीन काळीच. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ असं निदान फार घाईने केलं जातं. लॅपटॉपला डॉक, म्हणजे एका केबलवर अनेक जोडण्या देणारा डबा, किंवा मॉनिटर जोडलेला असेल, तर कदाचित चित्र तयार होत असतं, फक्त ते भलतीकडे जात असतं.

मॉनिटरपर्यंत चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या चित्र वाहून नेणाऱ्या पिनांपेक्षा मला शेवटच्या काही पिना जास्त आवडतात. लॅपटॉप १८व्या पिनेवर ५ व्होल्ट देतो. मॉनिटर १९व्या पिनेवर व्होल्टेज चढवून ‘मी आहे’ असं कळवतो. मग १५ आणि १६ या पिनांवरून लॅपटॉप मॉनिटरमधली ईडीआयडी नावाची नोंद वाचतो. तिच्यात मॉनिटरचा निर्माता, आकार आणि चालणारी रिझोल्यूशन्स असतात. तिचा मूळ भाग १२८ बाइटचा. शेवटचा बाइट असा ठेवलेला असतो की सगळ्यांच्या बेरजेला २५६ने निःशेष भाग जावा. तसा गेला नाही, तर वाचनात चूक झाली हे लॅपटॉपला कळतं.

ही नोंद ठेवणारी चिप लॅपटॉपकडून आलेल्या ५ व्होल्टवरही चालू शकते. म्हणून भिंतीवरचं बटण बंद असलं तरी अनेक मॉनिटर ‘मी आहे’ असं सांगतात. विंडोज सुरू होण्याआधी काम करणारं फर्मवेअर त्यावर विश्वास ठेवतं, आणि काही लॅपटॉप सुरुवातीचं चित्र फक्त बाहेरच पाठवतात.

समजा, केबल एचडीएमआयमध्ये आहे आणि मॉनिटरवर इनपुट डिस्प्लेपोर्टचं निवडलेलं आहे. मग दोन्ही पडदे काळे. नुसती केबल उपसून भागेलच असं नाही, कारण फर्मवेअरने निवड आधीच केलेली असते. लॅपटॉप पूर्ण बंद करा, डॉक आणि केबल काढा, मग सुरू करा. स्वतःच्या स्क्रीनवर लोगो दिसला, तर लॅपटॉपची स्क्रीन शाबूत आहे आणि दोष बाहेरच्या वाटेवर आहे. आता मॉनिटर चालू करून, योग्य इनपुट निवडून, डॉक न वापरता थेट केबलने जोडा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. चित्र आलं तर संशय डॉकवर, त्याच्या केबलवर किंवा अडॅप्टरवर. नाही आलं तर दुसरी केबल लावा, मग दुसरा मॉनिटर. दर वेळी एकच गोष्ट बदला.

डॉक डिस्प्लेलिंक तंत्राचा असेल, तर त्याचं चित्र विंडोजमधला त्याचा ड्रायव्हर चालू झाल्यावरच येतं. लोगोच्या वेळी त्यावरचा मॉनिटर काळा असणं हा बिघाड नव्हे. यूएसबी-सी केबलही नीट पाहा. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या अनेक केबलींत चित्रासाठी लागणाऱ्या तारा नसतात, त्यामुळे चार्जिंग होतं पण मॉनिटर सापडत नाही.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने चित्र ‘उजळतं’ हा दावा खोटा आहे. मुलामा गंज टाळतो, तेवढंच. दोन मीटरसाठी साधी, धड केबल पुरते.