वजन ७४ किलो, तरी कुपोषण?

“बाबांचं वजन अजून ७४ किलो आहे. मग कुपोषण कसलं?”

निदान आजच्या वजनावर नाही, किती घटलं यावर ठरतं. समजा, परळचे ५८ वर्षांचे गृहस्थ, जुना आजार. तीन महिन्यांपूर्वी ८२ किलो, आता ७४. घटलेले ८ किलो भागिले आधीचे ८२, म्हणजे ९.८ टक्के. भागताना आजचं वजन घेतलं तर उत्तर फुगतं. ही चूक सर्रास होते. अमेरिकी आहारतज्ज्ञांच्या २०१२ च्या निकषांत दीर्घ आजारात तीन महिन्यांत साडेसात टक्क्यांहून जास्त घट तीव्र मानतात.

पण एका खुणेवर निदान करत नाहीत. सहापैकी किमान दोन लागतात. म्हणून जेवण विचारावं: चारऐवजी दोन चपात्या, भात बंद, असं महिनाभर चाललं असेल आणि एकूण आहार गरजेच्या ७५ टक्क्यांपर्यंतही पोचत नसेल, तर दुसरी खूण मिळाली. मग स्नायू हातानेच तपासावेत. कानशिलं खोल गेलीत का, गळ्याखालचं हाड वर आलंय का, अंगठा-तर्जनीमधला उंचवटा सपाट झालाय का? पोट सुटलेलं असलं तरी हे दिसतं.

पायांवर सूज असेल, तर मात्र काट्यावर विसंबू नये. साठलेलं पाणी घट लपवतं.