इतिवृत्ताची मांडणी (सभेतील निर्णय, जबाबदारी आणि मुदत)

सभेत काय ठरले, ते कोणी करायचे आणि कधीपर्यंत करायचे, या तीन गोष्टी नंतर शोधायला सोप्या जाव्यात अशा रीतीने इतिवृत्त लिहिण्याची पद्धत. ती कंपन्यांच्या संचालक मंडळापासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडे लागू पडते. तिची गरज सर्वांत जास्त भासते ती मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समितीला. तिथे सचिव हा बहुधा नोकरी सांभाळून संस्थेचे काम पाहणारा सभासद असतो, समिती बदलली की कागद नव्या माणसाच्या हाती जातात, आणि गळतीचा एकच विषय दोन-तीन पावसाळे सभेपुढे येत राहतो. ही नोंद मुख्यतः अशा समितीचे उदाहरण घेऊन केली आहे.

पारंपरिक पद्धत

मराठी इतिवृत्ताचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीला सभेची तारीख, वेळ, स्थळ आणि उपस्थितांची नावे येतात. विषय क्रमांक 1 म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर विषयपत्रिकेतील विषय, शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय आणि आभार. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदकाचे नाव. हा साचा पुराव्यासाठी घडलेला आहे: सभा रीतसर झाली, गणसंख्या होती, ठराव मांडला गेला आणि मंजूर झाला, हे त्यातून नीट सिद्ध होते. पुढे काम कोणाच्या अंगावर पडले हे सांगणारा रकाना मात्र त्यात नाही. भाषेनेही तो कधी मागितला नाही. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ हे वाक्य कर्त्याशिवाय पूर्ण होते, आणि पुढच्या सभेत त्याबद्दल जाब विचारायचा कोणाला हे कोणालाच सांगता येत नाही.

सरकारी बैठकांच्या इतिवृत्तात यावर एक जुना उपाय आहे. प्रत्येक मुद्द्याखाली किंवा उजवीकडच्या रकान्यात ‘कार्यवाही’ असे लिहून संबंधित अधिकाऱ्याचे पदनाम देतात. जिल्हा नियोजन समितीसारख्या बैठकांत मागील इतिवृत्तासोबत अनुपालन अहवालही पटलावर येतो, म्हणजे मागच्या वेळी सांगितलेल्या कामाचे काय झाले याचा हिशेब. गृहनिर्माण संस्थांनी सूचक-अनुमोदकाची रीत उचलली. कार्यवाहीचा रकाना आणि अनुपालन अहवाल मात्र फारच थोड्या संस्थांत दिसतात.

एक विषय, दोन तऱ्हांनी

उदाहरणादाखल एका संस्थेच्या समितीची 12 जुलै 2025 ची सभा घेऊ. विषय 4 आहे बी विंगच्या गच्चीवरील टाकीच्या गळतीचा. नेहमीच्या तऱ्हेने लिहिलेली नोंद साधारण अशी असते:

‘टाकीच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. बी विंगमधील सभासदांच्या तक्रारी आल्याचे मा. सचिवांनी सांगितले. काही सदस्यांनी वॉटरप्रूफिंग करून घ्यावे असे सुचविले, तर काहींनी आधी प्लंबरला दाखवावे असे मत मांडले. खर्चाची बाब मा. खजिनदारांनी निदर्शनास आणली. चर्चेअंती तीन कोटेशन मागवून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले.’

यात खोटे काहीच नाही. तरी महिन्याने ही नोंद वाचणाऱ्याला प्लंबरला बोलवायचे ठरले की नाही हे कळत नाही. कोटेशन कशाचे, वॉटरप्रूफिंगचे की पाइप बदलण्याचे? मागवणार कोण? कोटेशन आल्यावर काम कोणाला द्यायचे हे सचिवाने ठरवायचे की विषय पुन्हा समितीपुढे आणायचा? चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नाही, आणि ज्याच्या त्याच्या आठवणीत ते वेगवेगळे असते.

हाच विषय शोधता येईल असा लिहिला तर निर्णय आधी येतो आणि चर्चा त्याच्या खाली जाते:

विषय 4. बी विंगच्या गच्चीवरील टाकीची गळती
निर्णय: गळतीचे कारण आधी शोधायचे. वॉटरप्रूफिंग करायचे की नाही, हे आज ठरलेले नाही.
ठराव 2025-26/07/4-अ: टाकी रिकामी करून प्लंबरकडून तपासून घेणे. जबाबदारी: सचिव. मुदत: 20 जुलै 2025. खर्चाची मर्यादा: 3,000 रुपये. पूर्ण झाल्याची खूण: प्लंबरचा लेखी अभिप्राय फाइलला लागला.
ठराव 2025-26/07/4-ब: वॉटरप्रूफिंगची तीन दरपत्रके, तिन्ही एकाच कामाच्या वर्णनावर. जबाबदारी: खजिनदार. मुदत: 5 ऑगस्ट 2025. पूर्ण झाल्याची खूण: तुलनातक्ता सर्व समिती सदस्यांना पोचला. काम देण्याचा निर्णय समितीकडे.
चर्चेचा सारांश: दोन ओळी.

‘आज ठरलेले नाही’ हे लिहिणे अनेक सचिवांना अवघड वाटते, जणू सभा वाया गेल्याची ती कबुली आहे. प्रत्यक्षात नंतरचे बरेचसे वाद याच जागी सुरू होतात. चर्चा झालेली असते, बहुतेकांचा कल दिसलेला असतो, आणि कल म्हणजेच निर्णय असे धरून कोणीतरी ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊन मोकळा होतो. म्हणून विषय पुढे ढकलला असेल तर तसे स्पष्ट लिहून, कोणती माहिती हवी आहे आणि ती कोण आणणार आहे, हेही त्याच ओळीत यावे.

जबाबदारी

एका कामापुढे एकच माणूस असावा. ‘सचिव व खजिनदार’ असे लिहिले की दोघेही दुसऱ्याची वाट पाहतात. मदतीला कितीही जण असोत, पुढच्या सभेत उत्तर देणारा एक. ‘समिती’, ‘बी विंगचे सभासद’, ‘ठेकेदार’ या जबाबदाऱ्या नव्हेत. ठेकेदार सभेला आलेला नसतो, तेव्हा त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या सदस्याचेच नाव लिहावे लागते. पदनामासोबत व्यक्तीचे नावही द्यावे, कारण पदाधिकारी मुदतीच्या मध्येच राजीनामा देतात आणि मग जुन्या नोंदीतला ‘सचिव’ कोण हा प्रश्न उरतो. सभेला गैरहजर असलेल्याच्या गळ्यात काम घालण्याची पद्धत तर सर्रास आहे. ते करायचेच असेल तर त्याला कळवण्याचे काम कोणाचे, तेही लिहावे.

सूचक आणि अनुमोदक यांचा या जबाबदारीशी संबंध नाही. ठराव मांडणारा माणूस तो अमलात आणणारा असेलच असे नाही, पण खाली त्याचीच सही-नावे दिसत असल्याने वाचणाऱ्यांचा तसा समज होतो.

मुदत

मुदत म्हणजे दिनदर्शिकेतली तारीख. ‘पुढील सभेपूर्वी’ ही मुदत दिसायला नेमकी वाटते, पण सभा पुढे गेली की तीही सरकते. ‘दिवाळीपूर्वी’ म्हणताना रंग लावून झालेला असेल की रंगाऱ्याशी करार झालेला असेल, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने धरतो. म्हणून तारखेसोबत काम झाल्याची खूण लागते, वर प्लंबरच्या लेखी अभिप्रायाची आहे तशी. मोठे काम असेल तर शेवटची तारीख देऊन फारसे साधत नाही. त्यातला पहिला टप्पा आणि त्याची तारीख द्यावी, बाकीचे टप्पे पुढच्या सभांत यथावकाश येतात.

तारीख उलटली तर जुनी खोडू नये. तिच्यापुढे नवी तारीख आणि एका वाक्यात कारण लिहावे. एकाच ठरावापुढे तीन तारखा दिसल्या की समितीला वेगळे काही सांगावे लागत नाही.

क्रमांक आणि तक्ता

वरच्या ठरावातला क्रमांक आर्थिक वर्ष, सभेचा क्रमांक, विषय आणि उपविषय अशा क्रमाने बनला आहे. तो काम संपेपर्यंत बदलत नाही. हाच गळतीचा विषय ऑगस्टच्या सभेत विषय 2 म्हणून आला तरी त्याच्यापुढे जुना क्रमांक राहतो. ही शिस्त नसली की प्रत्येक सभेत तोच विषय नवा म्हणून जन्माला येतो आणि तो किती दिवस रेंगाळला आहे हे कोणालाच मोजता येत नाही.

यापुढची अडचण कायद्याशी निगडित आहे. कायम होऊन सही झालेल्या इतिवृत्तात नंतर फेरफार करता येत नाही. चूक आढळली तर ती पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव करून नोंदवावी लागते. कामाची स्थिती मात्र रोज बदलत असते. त्यामुळे दोन कागद लागतात. प्रोसिडिंग बुकातले इतिवृत्त स्थिर असते. त्याच्यासोबत ठराव क्रमांक, काम, जबाबदार व्यक्ती, मूळ मुदत, सुधारित मुदत आणि स्थिती एवढ्या सहा रकान्यांचा कार्यवाही तक्ता ठेवतात, आणि तो चालता असतो. तक्त्यात फक्त उघडी कामे असतात. सभा सुरू होताना आधी तोच वाचला जातो. दोन्हींत तफावत आढळली तर इतिवृत्त खरे धरायचे.

आपल्या उदाहरणात प्लंबरने 19 जुलैला टाकी पाहिली. गळती स्लॅबमधून नव्हती, टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपच्या जोडातून होती. म्हणजे ठराव 4-ब निरुपयोगी झाला. खजिनदाराने दरपत्रके मागवणे थांबवावे हे बरोबर, पण तक्त्यातून ती ओळ त्याने स्वतःहून काढू नये. 9 ऑगस्टच्या सभेत ‘4-अ पूर्ण; 4-ब रद्द, कारण गळती पाइपच्या जोडातून’ अशी नोंद होऊन मगच ती ओळ बंद होते. नाहीतर दोन वर्षांनी एखादा सभासद मंजूर ठराव हातात घेऊन विचारतो की तीन दरपत्रके गेली कुठे, आणि तेव्हाचे पदाधिकारी एकमेकांकडे पाहतात.

मतभेद आणि चर्चा

चर्चा किती लिहावी याबद्दल दोन मते आहेत. कोण काय बोलले ते सगळे लिहावे असा आग्रह धरणारे सभासद प्रत्येक संस्थेत असतात, आणि आपले वाक्य आले नाही म्हणून ते इतिवृत्त कायम होऊ देत नाहीत. व्यवहारात कारणापुरती चर्चा लिहिणे पुरते: हाच पर्याय का निवडला आणि दुसरा का सोडला. अपवाद विरोधी मताचा. ज्याने विरोध केला त्याचे नाव चर्चेच्या परिच्छेदात न पुरता ठरावाच्या ओळीलाच जोडले पाहिजे, कारण पुढे जबाबदारी निश्चित करताना तेच पाहिले जाते. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 118 मध्ये संचालक मंडळाच्या इतिवृत्तात विरोध करणाऱ्या संचालकांची नावे प्रत्येक ठरावासोबत नोंदवण्याची तरतूद आहे, आणि सभा झाल्यापासून 30 दिवसांच्या आत इतिवृत्त पुस्तकात घेण्याचे बंधनही. गृहनिर्माण संस्थेला हे कलम लागू नाही, पण तिथेही एवढी वाट पाहणे परवडत नाही. 20 जुलैची मुदत असलेले काम 11 ऑगस्टला लिहून काढलेल्या इतिवृत्तातून कोणाला कळणार? कायम होण्याची वाट न पाहता कार्यवाही तक्ता दोन दिवसांत सर्वांकडे जायला हवा, वर ‘मसुदा’ असे लिहून.

मर्यादा

ही मांडणी व्यवस्थापक समितीला जितकी मानवते तितकी सर्वसाधारण सभेला मानवत नाही. तिथे ठरावाचा नेमका मजकूर, मतांची संख्या आणि सभेचा अधिकार यांना महत्त्व असते. काम वाटून देणे पुढे समितीकडेच येते, म्हणून सर्वसाधारण सभेच्या ठरावाला समितीच्या पहिल्याच सभेत जबाबदारी आणि मुदत जोडून घेतात. व्हॉट्सॲप गटावर ‘ठीक आहे’, ‘चालेल’ असे आठ अंगठे जमले तरी तो ठराव होत नाही. पुढच्या सभेत तो रीतसर मांडून त्याला क्रमांक मिळाला तरच तो तक्त्यात येतो. वर्षअखेरीस सगळ्या ठरावांची विषयवार सूची काढून प्रोसिडिंग बुकाच्या मागे लावली, म्हणजे टाकी, लिफ्ट, पार्किंग, भाडेकरू अशा शीर्षकांखाली ठराव क्रमांक आणि पान, तर निवडणुकीनंतर येणाऱ्या समितीला पाच वर्षांचे पुस्तक पहिल्या पानापासून चाळावे लागत नाही. सूचीचे हे काम कोणाचे, तेही मार्चच्या सभेत नाव आणि तारखेसह लिहावे लागते.