लघवीला मुंग्या का लागतात?

घराच्या मागे, परसात लघवी केली की तिथे मुंग्यांची रांग लागायची आणि म्हातारी माणसं म्हणायची, "ह्याला साखर झालीय." आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही प्रमेहाच्या लक्षणांत मुंग्यांचा उल्लेख आहे, आणि 'मधुमेह' ह्या नावातच मध आहे. पण साखर तर प्रत्येकाच्याच रक्तात असते. मग निरोगी माणसाच्या लघवीला मुंग्या का लागत नाहीत? ह्या प्रश्नाचा माग काढत गेलं की मूत्रपिंडाचं जवळजवळ सगळं काम समजतं.

एका मूत्रपिंडात साधारण 10 लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक बारीक नळी. तिचं एक टोक बंद असून पेल्यासारखं आत दबलेलं असतं, त्याला बोमनचं संपुट म्हणतात. त्या पेल्यात केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता बसवलेला असतो, तो ग्लोमेरुलस. पेल्यातून निघालेली नळी आधी वेड्यावाकड्या वेटोळ्यांनी जाते, मग हेअरपिनसारखी खाली उतरून परत वर येते (हा हेन्लेचा वळसा), पुन्हा थोडी वेटोळी घेते आणि शेवटी एका संग्राहक नलिकेला मिळते. शाळेत ही आकृती काढून आपण गुण मिळवले, पण तिच्यात एक गोष्ट हमखास पुसट राहते. ती म्हणजे ह्या नळीला बाहेरून बिलगून चाललेलं रक्तवाहिन्यांचं जाळं. ग्लोमेरुलसमधून बाहेर पडलेलं रक्तच पुढे ह्या जाळ्यात येतं. ते जाळं डोळ्यांसमोर नसेल तर पुढचं काहीच नीट लागत नाही, कारण नळीतलं परत जातं ते त्याच रक्तात.

पहिली पायरी गाळण्याची. ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी वाहिनी रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद असते, त्यामुळे आत दाब टिकून राहतो. त्या दाबाने रक्तातलं पाणी आणि पाण्यात विरघळलेले लहान रेणू भिंतीतून संपुटात ढकलले जातात. रक्तपेशी मागे राहतात, आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनंही जवळजवळ सगळी मागेच राहतात. (लघवीला सतत, न विरणारा फेस येत असेल तर डॉक्टर प्रथिनं तपासायला सांगतात, ते ही चाळणी फाटलीय का हे बघायला.) चाळणीला मात्र चांगलं-वाईट कळत नाही. तिला फक्त लहान-मोठं कळतं. म्हणून टाकाऊ युरियाबरोबर मीठही गळतं आणि साखरही.

किती गळतं? दोन्ही मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला सरासरी 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटर. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तद्रवात साधारण 100 मिलिग्रॅम साखर धरली, तर मिनिटाला 125 मिलिग्रॅम साखर नळीत उतरते. दिवसाची गोळाबेरीज 180 ग्रॅम. चांगली वाटीभर साखर! ती तशीच गेली असती, तर मुंग्यांनी कुणालाच सोडलं नसतं.

ती जात नाही, कारण पहिल्या वेटोळ्यांतच तिला परत उचललं जातं. ह्या भागातल्या पेशींना आतल्या बाजूने ब्रशसारखी दाट लव असते आणि त्या लवेवर साखर उचलणारी प्रथिनं बसलेली असतात. ती साखर एकटी नेत नाहीत, सोडियमच्या जोडीने नेतात. पेशीच्या मागच्या बाजूचा पंप ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर काढत असतो, म्हणून पेशीत सोडियमची टंचाई असते. नळीतलं सोडियम ह्या टंचाईकडे धावतं आणि धावताना साखरेलाही आत ओढतं. पुढे साखर मागच्या दाराने त्या बिलगलेल्या जाळ्यातल्या रक्तात जाते. हे पुनर्शोषण. गाळाचं सुमारे दोन-तृतीयांश पाणी आणि मीठही ह्याच भागात परत जातं. हेन्लेच्या वळशाला साखरेशी देणंघेणं नाही. तो मूत्रपिंडाचा आतला भाग खारट ठेवतो, आणि त्या खारटपणाच्या जोरावर संग्राहक नलिकेतून उरलेलं पाणी हवं तेवढं मागे ओढता येतं. 180 लिटरमधून शेवटी उरते साधारण दीड लिटर लघवी.

पण हमालांची संख्या ठरलेली असते. सगळ्या नेफ्रॉनांतली ही प्रथिनं मिळून मिनिटाला अंदाजे 375 मिलिग्रॅम साखर उचलू शकतात. समजा एकाची रक्तशर्करा 400 झाली. आता मिनिटाला 500 मिलिग्रॅम नळीत उतरतात, 375 परत जातात, 125 राहतात. दिवसभर तशीच राहिली तर 180 ग्रॅम साखर लघवीतून जाईल. शिवाय ही साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. म्हणून लघवी वाढते, आणि लघवी वाढली म्हणून तहान. आधी तहान आणि मग लघवी, असा उलटा क्रम बरेच जण लावतात.

हिशोबाने पाहता रक्तशर्करा 300 होईपर्यंत लघवी कोरी राहायला हवी. प्रत्यक्षात 180च्या आसपासच साखर झिरपू लागते, कारण सगळे नेफ्रॉन सारखे नसतात. एखाद्यात गाळ जास्त उतरतो, एखाद्यात हमाल कमी असतात, आणि कमकुवत नेफ्रॉन आधी हात टेकतात. ही पातळीही माणसागणिक हलते. गरोदरपणात ती खाली येते, तेव्हा मधुमेह नसतानाही लघवीत साखर दिसू शकते. म्हातारपणी ती वर चढू शकते, मग मधुमेह असूनही लघवी स्वच्छ. निदान रक्तावरून करतात ते ह्यासाठी. मुंग्यांचं प्रमाणपत्र पुरेसं नाही.

तिसरी पायरी स्रवणाची, आणि ती उलट दिशेने चालते. काही पदार्थ रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असल्यामुळे पुरेसे गळत नाहीत. जादा आम्ल आणि पोटॅशियम तर गरजेप्रमाणे कमी-जास्त टाकायचे असतात. अशांना नळीच्या पेशी बिलगलेल्या जाळ्यातून मुद्दाम उपसून नळीत टाकतात. पेनिसिलिन हे ह्याचं ठळक उदाहरण. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलिसाला हे औषध दिलं, तेव्हा जगात त्याचा साठा चिमूटभर होता आणि मूत्रपिंडं तो भराभर बाहेर टाकत होती. डॉक्टरांनी त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा त्यालाच दिलं. तो सुधारू लागला, पण साठा संपला आणि तो वाचला नाही. पुढे ही उपसणारी यंत्रणाच अडवून पेनिसिलिन शरीरात जास्त वेळ टिकवणारं प्रोबेनेसिड हे औषध आलं.

साखरेच्या हमालांनाही असंच अडवता येतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्या तेच करतात: साखर नळीतून परत येऊ न देता लघवीवाटे जाऊ देतात. म्हणून ह्या गोळ्या घेणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये रक्तशर्करा 110 आणि लघवीत साखर चार अधिक अशी जोडी दिसते, आणि घरचे घाबरतात. गोळी लागू पडल्याचीच ती खूण असते. मुंग्या मात्र येणारच.