समस्यावृक्ष : किरकोळ विक्रीतील घटलेल्या नफ्याचे निदान

मोठ्या प्रश्नाची उपप्रश्नांत केलेली पायरीपायरीची फोड म्हणजे समस्यावृक्ष किंवा इश्यू ट्री. त्याच्या दोन अटी आहेत. एकाच पातळीवरच्या दोन फांद्या एकमेकींत शिरता कामा नयेत आणि सगळ्या फांद्या मिळून मूळ प्रश्न पूर्ण व्यापला गेला पाहिजे. या जोडअटीला सल्लागारांच्या व्यवसायात ‘मीसी’ म्हणतात. १९६०च्या दशकात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या बार्बरा मिंटो यांच्यामुळे ती रूढ झाली.

दुकानांच्या साखळीचा नफा का घटला, या प्रश्नाला ही पद्धत चांगली लागू पडते, कारण इथे फांद्या हिशेबातूनच फुटतात. नफा म्हणजे विक्री वजा मालाची खरेदी किंमत वजा दुकाने चालवण्याचा खर्च. विक्रीची पुढची फोड गुणाकाराने होते : दुकानात आलेली माणसे, त्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण आणि सरासरी बिल. झाड काढण्यापूर्वी दोन्ही वर्षे सारख्या मापाची आहेत ना, हे पाहून घ्यावे लागते. अनेक किरकोळ विक्रेते ५२ आठवड्यांचे वर्ष धरतात आणि दर पाच-सहा वर्षांनी एक वर्ष ५३ आठवड्यांचे येते. अशा वर्षानंतरची घट काही अंशी केवळ दिनदर्शिकेची असते.

‘ऑनलाइन विक्री घटली’, ‘तरुण ग्राहक दुरावले’, ‘कपडे खपले नाहीत’ ही यादी झाड नव्हे. ऑनलाइन कपडे घेणारा तरुण तिन्ही फांद्यांवर बसतो आणि त्याच्यामुळे झालेली घट तीनदा मोजली जाते. सवलतीचेही असेच होते : ती विक्रीतून वजा करायची की जाहिरात खर्चात धरायची, हे आधी ठरले नाही तर ती दोन्हीकडे दिसते. उलट, चोरी आणि नासधूस यांमुळे कमी भरलेला साठा कोणत्याच फांदीवर न येण्याची भीती असते. फांद्यांवरील घटींची बेरीज एकूण घटीइतकी येते का, ही सोपी तपासणी आहे. ती ‘इतर’ या फांदीच्या आधारानेच जुळत असेल आणि ती फांदी जाड असेल, तर झाड अपुरे आहे असे मी मानतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गेल्या वर्षी विक्री १००, खरेदी किंमत ७०, खर्च २४ आणि नफा ६ होता. यंदा विक्री १००, खरेदी किंमत ७२, खर्च २४ आणि नफा ४. विक्री आणि खर्च जागच्या जागी, म्हणून पुरवठादारांनी दर वाढवले असा निष्कर्ष पटकन निघतो. तो चुकीचा आहे. साखळीत दोनच विभाग आहेत : विक्रीतून फक्त खरेदी किंमत वजा केल्यावर उरणारा ढोबळ नफा कपड्यांवर ४० टक्के, किराण्यावर २० टक्के, आणि हे दर यंदाही तेच आहेत. बदलली ती वाटणी. दोन्हींची विक्री ५०-५० होती, ती कपडे ४० आणि किराणा ६० झाली. त्यामुळे कपड्यांचा ढोबळ नफा २० वरून १६ वर आला, किराण्याचा १० वरून १२ वर गेला, आणि मिळून २ ची घट राहिली.

इथे ‘विक्रीचे मिश्रण बदलले’ असे लिहून थांबण्याचा मोह होतो. पण मिश्रण हे हिशेबाचे नाव आहे, कारण नव्हे. कपड्यांनी ४ घालवले आणि किराण्याच्या वाढीने त्यातले २ झाकले, हे खरे वर्णन. म्हणून कपड्यांची फांदी पुढे फोडायची. त्या विभागात येणारी माणसे तेवढीच, सरासरी बिल तेवढेच. खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण मात्र २५ टक्क्यांवरून २० वर आले. पन्नासाचे चाळीस होण्याचा हिशेब इथे पूर्ण जुळतो.

गुणाकाराच्या फांद्यांत एक अडचण येते. किंमत ५ टक्के आणि नग १० टक्के घटले, तर विक्री १५ नव्हे, १४.५ टक्के घटते. तो अर्धा टक्का दोघांचा सामाईक असतो. तो कोणाच्या खात्यात टाकायचा, याचा नियम आधीच ठरवून सगळीकडे तोच पाळावा लागतो. शिवाय फांद्या मोजणीत वेगळ्या असल्या तरी कारणांत वेगळ्या नसतात. किंमत उतरवली की नग वाढतात, म्हणजे एकच निर्णय दोन फांद्या हलवतो.

त्यामुळे झाड जागा दाखवते, कारण तिथे जाऊन शोधावे लागते. वरील उदाहरणात मधल्या मापांचे कपडे वारंवार संपत होते, असा संशय घेता येईल. मग दुकाने दोन गटांत लावायची : जिथे ही मापे सतत उपलब्ध होती ती आणि जिथे नव्हती ती. पहिल्या गटात प्रमाण २५ टक्क्यांवर टिकले असेल आणि दुसऱ्यात घसरले असेल, तर संशयाला बळ मिळते. दोन्हीकडे सारखेच घसरले असेल, तर साठा सोडून किंमत आणि प्रतिस्पर्धी यांच्याकडे वळावे लागते.